गोठलेला मध आणि रवाळ तूप: एका सोसायटीच्या खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका सोसायटीत ३८ घरांचा सामूहिक खरेदीचा गट आहे. डाळी, गूळ, हळद अशा वस्तू थेट उत्पादकाकडून आणायच्या आणि सोसायटीच्या हॉलमध्ये वाटायच्या, असं त्यांचं काम पाच वर्षं चांगलं चाललंय. मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय आणि गट चालवणाऱ्या ताई माझ्या ओळखीच्या. म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला गटाने दोन नव्या वस्तू घेतल्या. पहिली म्हणजे सह्याद्रीतल्या एका मधपाळाकडून सातेरी मधमाश्यांचा मध, अर्धा किलोच्या काचेच्या ४० बरण्या. दुसरी म्हणजे शहरातल्या एका विक्रेत्याकडून ‘ए२ देशी गायीचं तूप’, एक किलोच्या ३० बरण्या. मधाच्या बरणीला साधं फिरकीचं झाकण होतं, आत फॉइल नव्हती. लेबलवर छापील नाव होतं, पण बॅच आणि तारीख पेनाने लिहिलेली होती. तुपाचं रूप अगदी वेगळं. झाकणावर प्लास्टिकचं आवरण, आत ॲल्युमिनियमची घट्ट चिकटलेली सील, लेबलवर चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच, पॅकिंगची तारीख, पोषणमूल्यांचा तक्ता. फॉइल सोलली की आत पिवळसर, टपोऱ्या कण्यांचं तूप. वाटपाच्या दिवशी सगळ्यांनी तुपाचं कौतुक केलं.

तक्रार

डिसेंबरच्या मध्यावर थंडी पडली आणि आठवडाभरात गटाकडे सतरा तक्रारी आल्या. सगळ्या मधाच्या होत्या. बरणीच्या तळाशी साखरेसारखा पांढरट थर आणि वर पातळ मध. सहा बरण्यांत वर बारीक फेस होता आणि त्यांतल्या दोन उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला. एका काकांनी तळाचा थर बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, “ही बघा साखर. पाकच विकलाय आपल्याला.”

मग घरोघरी चाचण्या झाल्या. मधात बुडवलेली कापसाची वात पेटवली, तर ती तडतडली. पाण्याच्या ग्लासात मधाचा थेंब सोडला, तो तळाशी जाण्याआधीच पसरला. कुणीतरी तुपाचीही परीक्षा घेतली. आयोडीन घातलं, निळं झालं नाही. एका कॉलेजच्या मुलाने तूप वितळवून त्यात साखर आणि तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून हलवलं, लाल रंग आला नाही. (हे घरी करू नये. त्या ॲसिडची वाफ डोळ्यांना आणि घशाला इजा करते.) निकाल गटात फिरला: तूप शुद्ध, मध भेसळीचा. मधपाळाचे राहिलेले पैसे थांबवायचे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची, असं जवळजवळ ठरलं होतं. त्याच रात्री ताईंचा फोन आला. “पैसे थांबवले तर त्या दादाचा हंगाम बुडेल. एकदा बघून जाल का?”

बरण्या बघून काय कळलं

मी दोन्ही वस्तूंच्या बरण्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मधापासून सुरुवात केली. तळाचा थर चमच्याने काढून जिभेवर ठेवला. कण बारीक होते आणि लोण्यासारखे विरघळले. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन मुख्य साखरा असतात. ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं, म्हणून तापमान उतरलं की तेच आधी स्फटिक होऊन खाली बसतं. चौदा अंशांच्या आसपास ही क्रिया सर्वांत वेगाने होते आणि पुण्यातली डिसेंबरची रात्र त्या पट्ट्यात सहज येते. मोहरीच्या फुलांवरचा मध काही आठवड्यांतच घट्ट होतो, जांभळाचा बराच काळ पातळ राहतो. गोठणं हे फुलांवर आणि थंडीवर ठरतं. त्यावरून भेसळ आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. दुकानातला वर्षभर काचेसारखा स्वच्छ राहणारा मध बहुधा तापवून बारीक गाळलेला असतो. फ्रुक्टोज जास्त असलेला पाक मिसळला असेल तरीही तो तसाच दिसतो.

फेसाची गोष्ट निराळी होती. फेसाच्या बरणीला किंचित आंबूस वास होता, ताज्या ताडीची आठवण करून देणारा. मधात पाणी जास्त असलं की त्यातलं यीस्ट जागं होतं, मध आंबतो आणि वायू साठतो. त्यात ग्लुकोज खाली बसलं की वरच्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण आणखी वाढतं, म्हणून अर्धवट गोठलेली बरणी वरून आधी आंबते. तडतडणारी वातसुद्धा पाण्याबद्दलच सांगत होती आणि तेवढ्यापुरतं तिचं म्हणणं खरं होतं. पण पाणी वरून घातलंय की मधमाश्यांनी ते पुरतं आटवण्याआधीच पोळी काढली गेलीत, हे वातीला कळत नाही. ग्लासातला थेंब तर फक्त दाटपणा दाखवतो. दाट आटवलेला साखरेचा पाकही डौलात तळाशी जाऊन बसतो.

मग तूप. सगळ्यांना आवडलेल्या त्या कण्या खरं म्हणजे निवण्याच्या वेगाचं लक्षण आहेत. कढवलेलं तूप २८–३० अंशांना दिवसभर सावकाश निवू दिलं की जड वितळबिंदूचे घटक आधी गोळा होऊन टपोरे दाणे बनतात. तेच तूप फ्रिजमध्ये ठेवलं तर गुळगुळीत मेणासारखं होतं. घरचं साजूक तूप एकदा रवाळ आणि एकदा चिकट का होतं, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. पण सावकाश निवल्यावर इतर चरबीलाही कण्या येतात. वनस्पती तूप मुद्दाम रवाळ बनवलं जायचं, ते साजूक तुपासारखं दिसावं म्हणूनच. पिवळा रंग गायीच्या चाऱ्यातल्या कॅरोटीनचा असू शकतो, तसा बाहेरून घातलेलाही असू शकतो.

मी तुपाचा एक चमचा लोखंडी कढल्यात गरम केला. कढताना वास जवळजवळ गेला, निवल्यावर परत आला नाही, आणि नाकात उरला तो फक्त गरम तेलाचा भाव. यावरून निष्कर्ष काढता येत नाही, पण त्या क्षणी मला मधापेक्षा तुपाची काळजी वाटू लागली.

लेबल आणि सील

लेबलवरचा चौदा आकडी क्रमांक आम्ही foscos.fssai.gov.in वर शोधला. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, त्यानंतरचे दोन वर्षाचे. मधपाळाचा क्रमांक २ ने सुरू होत होता, त्याच्या नावाचा होता आणि चालू होता. तुपाचा क्रमांकही खरा आणि चालू होता, पण व्यवसायाच्या प्रकारात पुन्हा पॅक करून लेबल लावणारा अशी नोंद होती. बरणीवर परत नीट पाहिलं तर ‘पॅक करणारा’ असं लिहिलं होतं, ‘उत्पादक’ असं कुठेच नव्हतं. म्हणजे तूप कुणीतरी तिसऱ्यानेच बनवलं होतं. यात बेकायदा काही नाही. पण परवाना क्रमांक व्यवसायाची नोंद आहे एवढंच सांगतो. त्या बॅचमधलं तूप कुणी तपासलंय, असं तो सांगत नाही.

‘ए२’ हा शब्द दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाबद्दल आहे. तुपात दुधाची चरबी किमान ९९.५ टक्के असावी लागते, प्रथिनं त्यात जवळपास उरतच नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असे दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली, त्यामुळे बाजारात हा शब्द दिसत राहतो. तुपाच्या शुद्धतेबद्दल तो काहीही सांगत नाही. यापेक्षा कामाची गोष्ट म्हणजे वस्तूचं नाव वाचणं. बरणीवर ‘तूप’ आहे की ‘पूजेचं तूप’, ‘दिव्याचं तूप’, ‘कुकिंग मीडियम’? या शेवटच्या तीन नावांच्या बरण्या त्याच फळीवर, त्याच रंगात उभ्या असतात. आमच्या बरणीवर नाव ‘तूप’ असंच होतं, तेव्हा आत दुसरी चरबी निघाली तर ती थेट भेसळ ठरणार होती.

फॉइलची सील शाबूत असली की बरणी सील केल्यानंतर कुणी उघडलेली नाही, एवढं कळतं. सील होण्याआधी आत काय भरलं, ते तिला माहीत नसतं. मात्र पुराव्याच्या दृष्टीने ती फार मोलाची. उघड्या बरणीतला नमुना खराब निघाला तर विक्रेता म्हणू शकतो, तुम्हीच काही मिसळलंत. त्या बॅचच्या तीन बरण्या अजून सीलबंद होत्या. मी ताईंना सांगितलं, “मावशी-काकूंना निरोप द्या, या तीन कुणी उघडू नका.” मधाच्या बरण्यांना सीलच नव्हती, त्यामुळे मधपाळ खरा असला तरी त्याच्या बाजूनेही पुरावा कच्चाच होता.

काय करता आलं असतं

गटापुढे तीन वाटा होत्या. मधाचे पैसे थांबवून विषय संपवायचा, ही सर्वांत सोपी. दुसरी म्हणजे लगेच प्रशासनाकडे तक्रार. तिसरी, वर्गणी काढून खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुने द्यायचे आणि अहवाल बघून पुढचं ठरवायचं. तिसऱ्या वाटेला काही हजार रुपये लागत होते आणि त्या अहवालावर विक्रेत्याला शिक्षा होत नाही, म्हणून काहींचा विरोध होता. शेवटी ताईंनीच विचारलं, “मधपाळाला चोर म्हणायचं की नाही, हे ठरवायला तरी आपल्याकडे काहीतरी हवं ना?” यावर सगळे तयार झाले.

पैसे मर्यादित, तेव्हा कोणती चाचणी करायची हा खरा पेच होता. मधासाठी आम्ही पाण्याचं प्रमाण, सुक्रोज, एचएमएफ आणि सी-४ साखरेची समस्थानिक चाचणी निवडली. एचएमएफ हा घटक मध तापवल्याने किंवा जुना झाल्याने वाढतो. सी-४ चाचणी ऊस आणि मका यांची साखर ओळखते. तांदूळ आणि बीट यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत मधमाश्यांच्या बहुतेक फुलांसारखीच असल्याने त्यांचा पाक या चाचणीतून निसटतो. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँड तपासले, तेव्हा सगळ्या चाचण्यांत फक्त ३ टिकले. बरेच जण नेहमीच्या चाचण्यांत पास होऊन एनएमआर नावाच्या महागड्या चाचणीत अडकले होते. आमच्या बजेटात एनएमआर बसली नाही. म्हणून अहवाल येण्याआधीच मी गटाला लिहून दिलं की सी-४ मध्ये पास झाला तर ‘ऊस किंवा मक्याची साखर सापडली नाही’ एवढंच म्हणायचं.

तुपासाठी बोदुआँ चाचणी, वितळलेल्या तुपातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणारा ब्युटिरो रिफ्रॅक्टोमीटर, आरएम मूल्य आणि बीटा-सिटोस्टेरॉल. त्या मुलाने साखर आणि ॲसिडने केली ती बोदुआँचीच घरगुती आवृत्ती. भारतात वनस्पती तुपात तिळाचं तेल मिसळणं बंधनकारक केलं गेलं, ते या लाल रंगाने ओळखता यावं म्हणून. म्हणजे ही चाचणी तिळाचं तेल शोधते. भेसळ साध्या पाम तेलाची असेल तर ती गप्प बसते. आयोडीनही तसंच: ते फक्त स्टार्च दाखवतं आणि तुपात बटाट्याचा लगदा कुणी घातला असेल तरच निळं होतं.

अहवाल

मधात पाणी २२.६ टक्के निघालं, मर्यादा २० आहे. सुक्रोज २ टक्के, मर्यादा ५. एचएमएफ खूपच कमी, म्हणजे मध तापवलेला नव्हता. सी-४ साखर मर्यादेच्या आत. काकांनी ज्याला साखर म्हटलं, ती उसाची किंवा मक्याची असल्याचं दिसलं नाही. पण मध मानकात बसत नव्हता, हेही तितकंच खरं. आंबण्याची तक्रार रास्त होती.

तुपाची बोदुआँ चाचणी नकारात्मक आली. रिफ्रॅक्टोमीटरचं वाचन ४० ते ४४ या नेहमीच्या पट्ट्यात. इथवर तूप पास होतं. आरएम मूल्य मात्र २१ आलं आणि बीटा-सिटोस्टेरॉल सापडलं. आरएम मूल्य ब्युटिरिक ॲसिडसारखी लहान साखळीची, वाफेबरोबर उडणारी आम्लं मोजतं. ही दुधाच्या चरबीत भरपूर असतात, पाम तेलात जवळपास नसतात. चांगल्या तुपाचं मूल्य साधारण २८ च्या पुढे असतं. जनावराला सरकी जास्त घातली तर ते खाली येतं, त्यामुळे एकट्या आरएमवरून मी भेसळ म्हटलं नसतं. पण बीटा-सिटोस्टेरॉल वनस्पतींमध्ये असतं आणि दुधाच्या चरबीत कोलेस्टेरॉल असतं, म्हणून दोन्ही खुणा एकत्र आल्यावर शंकेला जागा उरली नाही. मूळ तुपाचं मूल्य ३० धरलं तर सुमारे तीस टक्के दुसरं तेल त्यात होतं. सगळ्यांनी वाखाणलेल्या त्याच रवाळ, फॉइलबंद बरणीत.

पुढची पावलं

मधपाळाला फोन लावला तो ताईंनी. “दादा, मध खरा आहे तुमचा, पण पाणी जास्त आहे,” एवढं सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्यानेच कबूल केलं. ऑर्डर मोठी होती, पाऊस लांबला होता आणि मेणाने पूर्ण न मिटलेल्या पोळ्या त्याने काढल्या होत्या. मधमाश्या मध पुरेसा आटला की घरांवर मेणाचं झाकण घालतात. ते अर्धवट असताना काढलेला मध पातळच राहतो. सातेरीच्या मधात मुळातच पाणी थोडं जास्त असतं, त्यात दमट हवा. फेस आलेल्या सहा बरण्यांचे पैसे त्याने परत केले, गटाने बाकीचे पैसे पोचवले. उरलेल्या बरण्या फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायला सांगितलं. गोठलेला मध सैल करायचा असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, बोट सहज ठेवता येईल इतक्याच.

याच वेळी एका घरात बारशाची तयारी चालली होती आणि मध शुद्ध ठरल्याचा आजीला फार आनंद झाला. त्यांना मी हात जोडून सांगितलं की वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका. त्यात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि मध कितीही अस्सल असला तरी हा धोका कमी होत नाही.

तुपाच्या विक्रेत्याने अहवाल पाहून वाद न घालता ३० बरण्यांचे पैसे परत केले, ‘माल वरून तसाच आला’ एवढंच म्हणाला. गटाने अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही केली. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी दुकानातून नमुना घेतला, पण तोवर ती बॅच संपली होती. नव्या बॅचचा नमुना मानकात बसला आणि प्रकरण तिथे थांबलं.

वेगळं काय करता आलं असतं

त्या शेवटच्या निकालाची खंत मला अजून आहे, कारण वाट उपलब्ध होती. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार साधा ग्राहकही शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो आणि ती मानकात बसली नाही तर ते शुल्क परत मिळतं. अट एकच, आणि आमची नेमकी तीच चुकली: तपासणीचा इरादा विक्रेत्याला खरेदीच्या वेळी सांगावा लागतो. नोव्हेंबरमध्ये हे कुणाला सुचलं नाही. डिसेंबरमध्ये तरी खासगी अहवालाची वाट न पाहता, ती बॅच दुकानात असतानाच, सांगून दोन बरण्या घ्यायला हव्या होत्या. खासगी तपासणी आणि ही खरेदी एकाच दिवशी करता आली असती. हा सल्ला तेव्हा मी दिला नाही, ही चूक माझी.

मधाच्या बाबतीत पाच मिनिटांचं काम राहून गेलं. मधासाठी हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, काचेवर एक थेंब ठेवला की पाण्याचं प्रमाण दिसतं. वाटपाच्या दिवशी तो हॉलमध्ये असता तर २२ हा आकडा तिथेच दिसला असता आणि सतरा घरांचा गैरसमज टळला असता. गटाने आता तो विकत घेतलाय.

पुढच्या हंगामात मधपाळाने फक्त मिटलेल्या पोळ्यांचा मध पाठवला, बरण्यांना फॉइल सील लावली आणि लेबलवर काढणीचा महिना लिहिला. हॉलमध्ये पाच बरण्यांमधला थेंब बघितला, आकडे १९ ते १९.८ आले. जानेवारीत तो मधही गोठला. या वेळी ताईंना एकच फोन आला, तो काकांचा: तळाचा थर पोळीला लावून खायला चांगला लागतो, अजून एक बरणी उरलीय का?